‘पेपरात’ला ‘नेल’ नको

तुम्ही इटालियन भाषांतरात ‘पेपरात वाचलं’मधल्या ‘पेपरात’चं ‘नेल जोर्नाले’ केलंय, म्हणजे शब्दशः ‘पेपराच्या आत’. मीही इथेच अडकले होते. बडोद्यात राहून गुजराती ‘छापामां’नेही तीच सवय लागते. इटालियनमध्ये बातमी पेपर‘वर’ वाचतात: ‘सुल जोर्नाले’. मासिक स्त्रीलिंगी, म्हणून ‘सुल्ला रिविस्ता’. पुस्तकात मात्र ‘नेल लिब्रो’च.

म्हणून ‘त’ बघून ठरवू नका. आधी अख्ख्या वाक्याला कोणतं अव्यय लागतं ते पाहा, आर्टिकलशी जोडून होणारं त्याचं रूप नंतर. ‘आरशात बघतो’ला ‘आ’ लागतं. ‘स्पेक्कियो’ची सुरुवात स आणि व्यंजनाने, म्हणून आर्टिकल ‘लो’. जोडून ‘आल्लो स्पेक्कियो’. ‘आरशाची चौकट’ असेल तर ‘ची’साठी ‘दि’ लागतं, म्हणून ‘देल्लो स्पेक्कियो’. पण मध्ये ‘मोठा’ या अर्थाचं ‘ग्रांदे’ आलं, तर रूप त्या शब्दावरून ठरतं: ‘देल ग्रांदे स्पेक्कियो’.