ऑफर लेटरमधले 6 लाख आईने कसे वाचले

प्रश्न: मुलीला पहिली नोकरी लागली. ऑफर लेटरवर सीटीसी वर्षाला 6 लाख आहे. म्हणजे महिन्याला हातात 50 हजार येणार ना?

नाही, बरेच कमी येतील. सीटीसी म्हणजे कंपनी तिच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. किती, ते पत्राला जोडलेल्या पगाराच्या तक्त्यावरून कळेल. माझ्या पहिल्या पत्रातही 6 लाखच होते आणि तो तक्ता मी आईसोबत बसून वाचला. ती बचत गटाचा हिशेब लिहायची. आकड्यांना घाबरणारी नव्हती, फक्त ओळी इंग्रजीत होत्या. मी ओळ वाचायची आणि ती विचारायची, "हे कधी मिळणार?"

बेसिक, घरभाडे भत्ता आणि स्पेशल अलाउन्स मिळून वर्षाचे 4,80,000. हे दर महिन्याला, म्हणजे 40,000. तिने लिहून घेतलं.

पुढची ओळ कंपनीच्या पीएफची, 36,000. बेसिक महिना 25,000 होतं, त्याचे 12 टक्के. "हे तुझेच, पण आत्ता नाहीत," म्हणत तिने ते वेगळ्या रकान्यात टाकलं. ग्रॅच्युइटीचे 14,430 होते. कायम नोकरीत ती सोडून जाताना मिळते, तीही साधारण सलग 5 वर्षं झाली तरच. आईला हे अजिबात पटलं नाही. "दोन वर्षांत सोडलीस तर? मग पगारात कशाला धरतात?" विम्याचा हप्ता 9,570. तो थेट विमा कंपनीला जातो, आपल्या हाती कधीच येत नाही.

उरले 60,000, व्हेरिएबल पे. इथे ती थांबली. "हे नक्की का?" पत्रात फक्त 'कामगिरीनुसार' एवढंच होतं. मला वाटतं, सगळ्या तक्त्यात हीच ओळ सर्वांत जपून वाचायची असते.

बेरीज बरोबर 6 लाख आली. मग 40,000 मधून माझ्या वाट्याचा पीएफ 3,000 आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर 200 वजा झाला. आजच्या नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर आयकर लागत नाही. हातात 36,800.

तुमच्या मुलीच्या तक्त्यात आकडे वेगळे असतील. काही कंपन्या पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता 15,000 रुपयांवरच कापतात, म्हणजे महिना 1,800. मग हातात जरा जास्त येतं आणि साठतं कमी.

आईच्या सांगण्यावरून मी एचआरला ईमेल केला: व्हेरिएबल कधी देता आणि मधेच नोकरी सोडली तर मिळतं का? उत्तर आलं, वर्षातून एकदा, आणि त्या तारखेला नोकरीत असाल तरच. मुलीला सही करण्याआधी हे लेखी विचारायला सांगा. खोलीचं भाडं आम्ही 36,800 धरूनच ठरवलं.