65 लाखांचा फ्लॅट, 18 लाख हातात: टोकन द्यायचं का?

"धायरीत रिसेल 2 बीएचके 65 लाखांत मिळतोय, बँक 80% देते म्हणतेय. आमच्याकडे 18 लाख आहेत, महिन्याला 50 हजार मागे पडतात. फर्निचरला 4 लाखांचं पर्सनल लोन काढून टोकन देऊन टाकू का?"

नका देऊ, निदान आत्ता तरी नको.

बँकेचे 52 लाख सोडले तर 13 लाख तुमचे, त्यात पुणे मनपा हद्दीत स्टॅम्प ड्युटी 7% म्हणजे 4 लाख 55 हजार आणि रजिस्ट्रेशनचे 30 हजार, झाले की 17 लाख 85 हजार, आणि अजून ब्रोकर समोर यायचाय. त्याचे 2% धरले तर 1 लाख 30 हजार, मग सोसायटीची ट्रान्सफर फी जास्तीत जास्त 25 हजार, कर्जाच्या गहाणखतावर 0.3% म्हणजे साधारण साडेपंधरा हजार, वकील आणि बँकेची प्रोसेसिंग मिळून 25 हजार धरा. 19 लाख 80 हजारांवर गेलं आणि घरात अजून एक पंखासुद्धा लागला नाही.

आणि हे पैसे जवळपास सगळे बँकेचा चेक निघायच्या आधी लागतात. स्टॅम्प ड्युटी भरल्याशिवाय रजिस्ट्रेशन नाही, आणि तुमचा हिस्सा विक्रेत्याला पोचल्याशिवाय बँक सहसा डिस्बर्समेंट करत नाही. मधेच पर्सनल लोन काढलंत तर त्याचा हप्ता क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतो आणि होम लोनच कमी मंजूर होऊ शकतं. शिवाय बँक स्वतःचं व्हॅल्युएशन करते, ते 60 लाख आलं तर कर्ज 48 लाखच, वरचे 4 लाख परत तुमच्याच खिशातून. म्हणून टोकनच्या कागदावर "कर्ज मंजूर न झाल्यास टोकन परत" हे लिहून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका, माझ्या एका क्लायंटचे 1 लाख असेच अडकले होते.

फ्लॅट फक्त मिसेसच्या नावावर घेतला तर ड्युटी 1% कमी लागते, 65 हजार वाचतात, पण दोघांच्या नावावर घेतलात तर ही सवलत नाही. आणि एकट्या त्यांच्या नावावर असेल तर तुम्ही हप्ता भरूनही व्याजाची वजावट तुम्हाला मिळणार नाही, तेव्हा जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर आधी तो हिशोब करा.

फर्निचरचं मी वेगळं काढतो. विक्रेता पंखे, गीझर, किचन ट्रॉली ठेवून जाणार का ते विचारा आणि अ‍ॅग्रीमेंटला यादी जोडून घ्या, कारण तोंडी "सगळं ठेवतो" म्हणणारे जाताना बल्बसुद्धा काढून नेतात. एवढं असलं की राहायला जाता येतं, वॉर्डरोब आणि सोफा सहा-आठ महिन्यांनी पगारातून करा.

तुमच्या 18 लाखांत हाच सगळा खर्च बसवायचा तर फ्लॅट 52 लाखांच्या आसपास हवा, तिथे 16 लाख लागतात आणि 2 लाख हातात राहतात. 65 चाच हवा असेल तर आठ महिने थांबा, तोवर 22 लाख होतील.