शंभर पानांचं लग्न आणि टोरांटोतले स्नेही

टोरांटोहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलाचं लग्न डिसेंबरात गुहागरला, घरच्या अंगणात मांडव घालून करायचंय. शंभर पानांच्या वर जायचं नाही, असं मुलगा आणि होणारी सून दोघांनी निक्षून सांगितलंय. टोरांटोत मात्र तीसेक मराठी घरांशी जुना घरोबा आहे. ‘गुहागर लहान गाव, राहायची सोय नाही, म्हणून बोलावता येत नाही, असं सांगू का?’ असं ताई विचारतात.

ताई, हे कारण सांगू नका. गुहागरला घरगुती निवासाची सोय आहे, आणि तुमची मैत्रीण ती दहा मिनिटांत शोधून काढेल. ‘अगं, आमचं आम्ही बघू, तू काळजी करू नकोस’ असं ती प्रेमाने म्हणाली, की तुमच्याकडे नाही म्हणायला काही उरत नाही. खर्चाचं कारण दिलंत तरी तेच होतं. सांगायचा तो निर्णय सांगा, अडचण नको. अडचणीवर लोक तोडगा काढतात, आणि तो तुम्ही घेतला नाहीत की खरे दुखावतात.

निर्णय सांगायचा तर तो आधी स्वतःशी पक्का हवा. कागद घेऊन बसा. मुलीकडची चाळीस पानं. गावचे भाऊबंद वीस. वाडीला आमंत्रण द्यावंच लागतं, तिथे चूलबंद न करता घरटी एक धरलं तरी पंचवीस. उरली पंधरा. ही पंधरा मुलाच्या आणि सुनेच्या मित्रांची ठेवा. आईवडिलांच्या स्नेह्यांपैकी कुणालाच नाही, ही रेष सरळ आहे आणि कुणालाही समजते. तीसांपैकी चार घरं निवडलीत, तर उरलेली सव्वीस ‘आपण का नाही?’ हेच मोजत बसतील. एखादीने मुलाला लहानपणी सांभाळलं असेल, तर तिला जरूर बोलवा. का बोलावलं ते बाकीच्यांना आपोआप कळतं. फक्त ते लपवू नका.

मग फोन करा. ग्रुपवर मेसेज नको. डिसेंबरची तिकिटं लोक उन्हाळ्यातच काढतात, आणि ‘लग्न आहेच, तर तेव्हाच भारतात जाऊ’ असा बेत कुणी आखण्याआधी तुमचा फोन जायला हवा. जवळच्यांना आधी, एकदोन दिवसांत सगळ्यांना. बोलणं थोडक्यात असू द्या: ‘सुमा, लग्न डिसेंबरात ठरलंय. मुलांना गावच्या घरी अगदी छोटं कार्य हवंय, त्यामुळे आमच्या स्नेह्यांपैकी कुणालाच बोलावत नाही आहोत. तुला दुसरीकडून कळू नये म्हणून स्वतः सांगतेय.’ पुढे ती क्षणभर गप्प होईल. ती शांतता कारणांनी भरू नका, तिला बोलू द्या. आणि फोन ठेवताना सवयीने ‘तरी जमलं तर या हं’ तोंडातून निघू देऊ नका. पत्रिका ‘नुसती माहितीसाठी’ पाठवायचीही नाही. आपल्याकडे हातात पत्रिका आली म्हणजे आमंत्रण आलं.

केळवणाचा प्रश्न लगेच येईल. बातमी कळताच कुणीतरी ‘मग केळवणाला कधी येताय?’ विचारणारच. लग्नाला न बोलावलेल्या घरी केळवण जेवून, आहेर घेऊन यायचं, हे मला पटत नाही, आणि नंतर ते त्यांच्याही मनात सलतं. ‘केळवण नको, तूच आमच्याकडे जेवायला ये’ म्हणा आणि खरोखर दिवस ठरवा. टोरांटोत रिसेप्शन करणार असाल, तर तारीख नक्की झाल्यावरच बोला. ‘नंतर करू काहीतरी’ हे शब्द लोक लक्षात ठेवतात.

ताईंची एक मैत्रीण नेमकी त्याच आठवड्यात चिपळूणला माहेरी असणार आहे. इतक्या जवळ असून बोलवायचं नाही, हे मलाही जड वाटतं. पण तिच्यासाठी रेष मोडलीत, तर भारतात येणारा दुसराही येतो म्हणेल. इथे आपली रीत मदतीला येते. लग्नानंतर घरी सत्यनारायण असतो, आणि तीर्थप्रसादाला येणाऱ्याची पानं कुणी मोजत नाही. तिला पूजेला बोलवा, नवं जोडपं भेटेल, निवांत बोलणंही होईल. मात्र ‘लग्नाला नाही, पूजेला ये’ हे पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगा, म्हणजे ती लग्नाच्या तयारीने येणार नाही.

लग्नाच्या दिवशी घरच्या कुणीही मांडवातले फोटो टोरांटोच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, हेही आधीच ठरवा. दुसऱ्या दिवशी जोडप्याचे दोनचार फोटो तुम्ही स्वतः एकेकीला पाठवा, सोबत तिच्या नावाने एक ओळ लिहून.