करवल्याचा पोशाख: आधी फेट्याचा रंग विचार

सांगलीत मे महिन्यात, साडेबाराच्या मुहूर्ताला करवला म्हणून उभा राहणार आहेस, तर खरेदीला जाण्याआधी नवरदेवाच्या घरी फेट्याचा रंग विचार. फेटे बहुतेक वेळा तिकडूनच बांधले जातात आणि फोटोत जॅकेटच्या लगेच वर तोच दिसतो. समजा फेटा केशरी आहे. मग मोतिया रंगाचा कुर्ता आणि बाटली हिरवं जॅकेट घे. लाल किंवा मरून जॅकेट केशरीशी भांडतं. शुभ्र पांढरा कुर्ताही टाळ, भर उन्हात तो फोटोत नुसता चमकतो.

कापड दुकानाच्या दिव्याखाली ठरवू नकोस, दाराबाहेर उन्हात धरून बघ. पॉलिस्टरचं जरीकाम तिथे लगेच भडक दिसतं, शिवाय अस्तरासकट घामाने अंगाला चिकटतं. कुर्ता सुती किंवा कॉटन-सिल्क, जॅकेट खादी सिल्कचं. कुर्ता गुडघ्यापर्यंत, जॅकेट कमरेच्या जरा खाली संपणारं. हात वर करून बघ, अक्षता टाकताना खांद्यात ओढ बसली तर मुंढा सैल करून घे.

पायात तपकिरी कोल्हापुरीच. मांडवात चप्पल काढावी लागते, तिथे बुटांच्या नाड्या सोडत बसणं नको. पण नवी कोल्हापुरी चावते. आठवडाभर आधी पट्ट्यांना आतून खोबरेल लाव आणि रोज थोडा वेळ घरात घाल. कातडी तळ कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर घसरतो, म्हणून चांभाराकडून खाली पातळ रबर मारून घे.