रोजी ६४०, तर ओटीचा डबल दर कितव्या तासापासून?

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहे. रोजी ६४०, ड्युटी आठ तासांची. मागच्या हप्त्यात सोमवारी ८ तास, मंगळवारी १२, बुधवारी १०. गुरुवारी गावी गेलो म्हणून खाडा. शुक्रवारी ९, शनिवारी ८. जेवणाची सुट्टी यात धरलेली नाही. सुपरवायझर म्हणतो, ४८ तास भरलेच नाहीत तर डबल कशाचं? ४७ तासांचे ३,७६० काढले. बरोबर आहे का?

उत्तर: नाही भाऊ, ४,०८० निघायला पाहिजेत. ३२० कमी आले.

सुपरवायझरने अर्धा कायदा सांगितला. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ५९ मध्ये दोन मर्यादा आहेत आणि त्यांच्यामध्ये 'किंवा' आहे: दिवसाला ९ तासांच्या वर काम झालं किंवा आठवड्याला ४८ च्या वर झालं, तर जास्तीच्या तासांना नेहमीच्या दराच्या दुप्पट. म्हणजे एक खाडा पडला म्हणून मंगळवारचे बारा तास पुसले जात नाहीत. टाइम ऑफिसात बरीच वर्षं काढली आहेत, आणि खाड्याच्या हप्त्यातच ओटी गायब होताना सगळ्यात जास्त पाहिलं आहे. माणसाला वाटतं, आपणच सुट्टी मारली, आता कोणत्या तोंडाने मागायचं.

आधी तासाचा दर काढा. रोजी आठ तासांची आहे म्हणून ६४० भागिले ८, म्हणजे ८० रुपये. दुप्पट १६०. इथे एक चलाखी चालते: दिवसाची मर्यादा नऊ तास आहे म्हणून ६४० ला नऊने भागतात आणि दर ७१ वर आणतात. नऊ हा आकडा दुप्पट कधी सुरू होणार ते सांगतो, दर ठरवत नाही. दर ठरतो तुमच्या ठरलेल्या ड्युटीच्या तासांवर. रोजीचे मूळ वेतन आणि विशेष भत्ता असे दोन तुकडे स्लिपवर दिसत असतील तर दोन्ही धरायचे. बोनस आणि आधीचा ओटी धरायचा नाही.

आता तुमचा हप्ता. पाच हजेऱ्यांचे ३,२००. नऊच्या वरचे तास मंगळवारी ३ आणि बुधवारी १, मिळून ४. त्यांचे १६० प्रमाणे ६४०. राहिला नववा तास, जो मंगळवारी, बुधवारी आणि शुक्रवारी झाला. तो रोजीच्या बाहेर आहे, पण नऊच्या आत आहे आणि आठवडाही ४८ च्या खाली आहे, म्हणून त्याला साधा दर: तीन तासांचे २४०. एकूण ४,०८०. तुम्हाला सगळे ४७ तास ८० ने गुणून दिलेत, म्हणजे चार तासांचा दुसरा ८० तेवढा खाल्ला. हे सगळे आकडे कपातीच्या आधीचे आहेत. ओटीवर पीएफ कापत नाहीत; जुन्या ईएसआय कायद्यात मात्र ओटीवरही ०.७५ टक्के कापत.

नवव्या तासाबद्दल एक सांगून ठेवतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चारही श्रमसंहिता लागू केल्या. त्यातही ओटी दुप्पटच आहे, आणि दिवसाचा की आठवड्याचा, यातला कामगाराच्या फायद्याचा हिशेब धरायचा असं स्पष्ट लिहिलं आहे. दिवस आठ तासांचा म्हटला आहे, पण दुप्पट नेमकं कितव्या तासानंतर लागेल ते सरकारच्या नियमांवर सोडलं आहे. म्हणून नववा तास डबलने मागायचा असेल तर त्या महिन्याला कोणता नियम लागू होता ते कामगार कार्यालयात विचारून घ्या. कंपनीत युनियनचा करार असेल आणि त्यात आठनंतर डबल लिहिलं असेल, तर प्रश्नच मिटला.

खाडा नसलेल्या हप्त्यात गणित फिरतं. समजा ८, १२, ८, १०, ८, ८ असे सहा दिवस भरले. बेरीज ५४. दिवसाच्या हिशेबाने नऊच्या वर ४ तास, आठवड्याच्या हिशेबाने ४८ च्या वर ६ तास. ४ आणि ६ मिळून १० मागू नका, कारण तेच तास दोनदा मोजले जातात. मोठा आकडा घ्यायचा: ६ तास गुणिले १६०, म्हणजे ९६०. सहा हजेऱ्यांचे ३,८४० धरून ४,८००. इथे नववा तास आपोआप डबलमध्ये आला, कारण ४८ ओलांडले.

आठवडा कायद्याने शनिवारच्या मध्यरात्रीपासून सुरू होतो, म्हणजे रविवार हा पुढच्या सोमवार-शनिवारसोबत मोजायचा. महिना बुधवारी संपला म्हणून ४८ ची मोजणी तिथे तोडायची नसते. पगाराचं शीट एक ते तीस चालतं, आणि महिन्याच्या टोकाचा हप्ता दोन तुकड्यांत गेला की दोन्हीकडे ४८ च्या खालीच दिसतो. असा हप्ता सापडला तर दोन महिन्यांच्या हजेऱ्या शेजारी ठेवूनच बेरीज करा.

ओटी गायब होण्याची दुसरी जागा रात्रपाळीची. रात्री आठला पंच केलं, सकाळी आठला बाहेर पडलात, मध्ये अर्धा तास जेवण. काम साडेअकरा तास. मशीन तारखेप्रमाणे एका दिवशी चार आणि दुसऱ्या दिवशी साडेसात दाखवतं, आणि नऊच्या वर कुठेच काही दिसत नाही. कलम ५७ प्रमाणे मध्यरात्रीनंतरचे तास ज्या दिवशी पाळी सुरू झाली त्याच दिवसात मोडतात. म्हणजे एकाच दिवसाचे साडेअकरा, त्यातले अडीच डबल. हिशेबनिसाला मुद्दाम काही करायचं नसलं तरी सॉफ्टवेअरमध्ये पाळी नीट बसवलेली नसली की हे होतं, म्हणून आधी भांडायला जाऊ नका, पंचिंगचा कागद मागा.

मागायचं कसं? एका कोऱ्या कागदावर तारीख, आत, बाहेर, जेवण आणि कामाचे तास असे रकाने आखा आणि ३२० चा फरक खाली लिहा. तो ठेकेदाराला द्या, प्रत कंपनीच्या एचआरला द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. ठेकेदाराने हात वर केले तर ठेका कामगारांच्या वेतनाची जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणून एचआरची प्रत चुकवू नका. तरी हललं नाही तर नागपूरच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करा. सोबत गेटचे पंच, वेतनस्लिप आणि बँकेत जमा झालेल्या रकमेची नोंद जोडा. स्लिपवर ओटीचा वेगळा रकाना नसेल आणि सगळं 'हजेरी ५.८७५' असं दाखवलं असेल, तर तो कागद आधी जपून ठेवा: ४७ भागिले ८ बरोबर ५.८७५, म्हणजे साध्या दराने पैसे काढल्याची कबुली त्यांच्याच कागदावर आहे.