ब्रोकरला क्वेरी पाठवण्याआधी

तुझा मसुदा वाचला. चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्याच्या सायबर विम्याच्या प्रस्तावावर तू अकरा प्रश्न काढलेस आणि पहिलाच आहे, 'एमएफए आहे का, कृपया कळवावे.' फॉर्मवर त्यापुढे 'होय'वर टिक आहेच. ब्रोकर पुन्हा 'होय' लिहील आणि दोन दिवस फुकट जातील.

विचारायचं असतं ते हे, की एमएफए नेमकं कशाकशाला आहे. एमएफए म्हणजे पासवर्डनंतर लागणारा कोड. तो ऑफिसच्या ईमेलला असतो, पण बाहेरून व्हीपीएनने येणाऱ्याला किंवा सर्व्हरच्या अ‍ॅडमिन खात्याला पुष्कळदा नसतो. रॅन्समवेअरवाले अशाच दारांनी शिरतात. 2022 मध्ये अमेरिकेत ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीने इलिनॉयच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीवर दावा लावला तो याच मुद्द्यावर. अर्जात एमएफए असल्याचं लिहिलं होतं, विमा कंपनीच्या म्हणण्यानुसार ते फक्त फायरवॉलला होतं. शेवटी दोघांच्या संमतीने पॉलिसी सुरुवातीपासूनच रद्द ठरली.

तेव्हा असं लिही:

'प्रश्न 14 मध्ये एमएफए "होय" आहे. कृपया (अ) कर्मचाऱ्यांचे ईमेल, (आ) बाहेरून येणारा प्रत्येक प्रवेश, पुरवठादारांचाही, (इ) सर्व अ‍ॅडमिन खाती, या तिन्हींसाठी वेगवेगळं उत्तर द्यावं. नसेल तिथे कधी बसणार, ती तारीख द्यावी.'

पुरवठादार मुद्दाम घातला आहे. कारखान्यात मशीन बसवणारी मंडळी दुरूनच दुरुस्ती करतात आणि त्यांचं लॉगिन कुणाच्या यादीत नसतं.

बॅकअपचंही तेच. 'रोज घेतो' यावर थांबू नकोस. एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली, निदान बदलता न येणारी आहे का, हे विचार. हल्लेखोराच्या हाती अ‍ॅडमिन खातं लागलं की जोडलेला बॅकअप तो आधी पुसतो. मग विचार, शेवटची पूर्ण पुनर्स्थापना कधी करून पाहिली आणि किती तास लागले. आपल्या कोटेशनमध्ये धंदा बंद पडल्याच्या नुकसानीचा प्रतीक्षा काळ 12 तास आहे. त्यांना सगळं उभं करायला चार दिवस लागत असतील, तर त्यापुढचे साडेतीन दिवस आपल्या खिशातून जातात, अर्थात मर्यादेपर्यंत.

उलाढालीचा आकडा आणि व्यक्तिगत नोंदींची संख्या एकेका ओळीत माग. जुन्या घटनांच्या रकान्यात मात्र 'एनए' आहे. तो 'लागू नाही' की 'माहिती नाही', हे कळत नाही, आणि दाव्याच्या वेळी वाद तिथेच होतो. 'गेल्या तीन वर्षांत एकही घटना नाही' असं पूर्ण वाक्य लिहून माग.

उत्तरं ब्रोकरची नकोत. ती क्लायंटच्या आयटी प्रमुखाने द्यावीत, फॉर्मवर सही करणाऱ्यानेच त्यावर सही करावी आणि ती प्रस्तावाचा भाग मानली जातील, हे ईमेलमध्येच लिही. ब्रोकर तुझा ईमेल जसाच्या तसा पुढे ढकलतो, म्हणून भाषा त्या आयटी प्रमुखाला कळेल अशी ठेव. एमएफए, बॅकअप आणि जुन्या घटना कोटेशनआधी हव्यात. बाकीचं पॉलिसी सुरू होण्याआधी आलं तरी चालेल, हेही तारखेसह सांग.