चॅटबॉटच्या लॉगमधून लोक कुठे कंटाळतात हे कसं ओळखायचं?

प्रश्न: जळगावच्या केळी उत्पादकांसाठी चॅटबॉट चालवतो. लोक मध्येच सोडून जातात. लॉगमध्ये काय शोधू?

उत्तर: ‘समजलं नाही’ अशी उत्तरं मोजून थांबू नका, ती चूक बॉट स्वतःच सांगतो. ठाम पण चुकीच्या उत्तरानंतरही लोक गळतात. समजा, कुणी विचारलं, ‘रावेरला केळीला आज काय भाव?’ बॉटने ‘केळी’ पाहून पीकविम्याची माहिती दिली. शेतकरी लिहितो ‘भाव सांगा’, मग नुसतं ‘भाव’, आणि गायब. लॉगमध्ये मात्र ‘उत्तर दिलं’ अशीच नोंद! म्हणून एकाच संभाषणात दोन-तीन मिनिटांत फिरवून विचारलेले प्रश्न आधी काढा आणि ती संभाषणं अख्खी वाचा. नुसता शेवटचा मेसेज पाहून कळत नाही, कारण उत्तर मिळालेला माणूसही काही न बोलता निघून जातो.